घरमालकिणीकडे पॅन नाही, म्हणून?

हिशेब खात्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. दर जानेवारीत भाडेपावत्यांचे गठ्ठे टेबलावर यायचे. त्यातला एक प्रसंग माझ्या घरचाच आहे, तो सांगतो. आकडे 2024-25 या आर्थिक वर्षाचे आहेत आणि नियमही त्याच वर्षाचे.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो. वर्षाचा एकूण पगार 12 लाख. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला 60,000 आणि घरभाडे भत्ता 24,000. आईवडील राहतात त्या साताऱ्याच्या घराच्या कर्जाचं व्याज तो फेडतो, त्यामुळे त्याला जुनी करप्रणालीच परवडते. घरभाड्याची सवलतही फक्त तिच्यातच मिळते. पुण्यातलं भाडं 18,000. घरमालकीण सत्तरीच्या विधवा काकू, आणि त्यांच्याकडे पॅन नाही.

नियम असा, की मिळालेला भत्ता, पगाराचे 40 टक्के (मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत 50 टक्के) आणि भाड्यातून पगाराचा दहावा हिस्सा वजा करून उरणारी रक्कम, या तिन्हींत जी सर्वांत कमी तेवढीच करमुक्त. भाच्याचं वर्षाचं भाडं 2,16,000. त्यातून 72,000 गेले, उरले 1,44,000. त्याच्या 20 टक्क्यांच्या टप्प्यात ही सवलत गेली असती तर उपकरासह 29,952 रुपये कर वाढला असता.

वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की फॉर्म 12BB मध्ये घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. भाच्याच्या हिशेब विभागानं पावत्या परत केल्या. शेजारच्या टेबलावरच्या एकानं सुचवलं, ‘पावती 8,333 ची कर, लाखाच्या आत बसतं.’ दुसरा म्हणाला, ‘कुणाही नातेवाइकाचा पॅन टाक.’

मी त्याला आधी पहिल्या सल्ल्याचा हिशेब करून दाखवला. 8,333 गुणिले बारा म्हणजे 99,996. त्यातून 72,000 वजा केले की उरतात 27,996. खरं भाडं भरूनही लाखाहून जास्त सवलत आपल्याच हातानं सोडायची, आणि वर खोट्या पावतीवर सही! दुसरा सल्ला तर त्याहून वाईट. कंपनी चौथ्या तिमाहीच्या 24Q विवरणात घरमालकाचं नाव आणि पॅन आयकर खात्याला कळवते. ज्याचा पॅन टाकला, त्याच्या विवरणात ते भाडं नसेल तर विसंगती उघडी पडते.

खरा मार्ग केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 2013 च्या आठव्या परिपत्रकात लिहिलेला आहे. घरमालकाकडे पॅन नसेल, तर तसं त्याचं घोषणापत्र नाव-पत्त्यासह कर्मचाऱ्यानं द्यायचं. 24Q विवरणात पॅनच्या रकान्यात `OTHERVALUE` असं लिहिण्याची सोयही आहे. म्हणजे पॅन नाही एवढ्यावरून पावत्या परत करणं चूक होतं.

आता काकूंची सही. त्या घाबरल्या होत्या. ‘कागद दिला की माझ्यामागे टॅक्स लागेल रे,’ असं त्या भाच्याला म्हणाल्या. मी त्यांच्या ओसरीवर बसून आकडे मांडले. भाडं 2,16,000, त्यातून कायद्यानंच दुरुस्तीपोटी सरसकट 30 टक्के वजा होतात, उरले 1,51,200. बँकेचं व्याज 60,000. एकूण 2,11,200. साठी ओलांडलेल्यांना त्या वर्षी तीन लाखांपर्यंत कर नव्हता. ‘काकू, तुम्हाला एक रुपयाही लागत नाही,’ म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून तो कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरून वाचला, आणि मग सही केली.

घोषणापत्र साध्या कागदावरच होतं. काकूंचं नाव, राहता पत्ता, भाड्यानं दिलेल्या घराचा पत्ता, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत किती भाडं मिळालं, आणि ‘माझ्याकडे पॅन नाही’ हे वाक्य. काही कार्यालयं फॉर्म 60 मागतात, परिपत्रकात तो मागितलेला नाही. पावत्यांसोबत भाडेकरार जोडला आणि काकूंच्या खात्यात दरमहा गेलेल्या रकमांचा बँकेचा उताराही. हा उतारा सर्वांत मोलाचा. 2017 मध्ये मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणानं आईला रोख भाडं दिल्याचा दावा फेटाळला, कारण पावत्यांपलीकडे पैसे दिल्याचा आणि तिथं राहिल्याचा पुरावा उभा राहिला नाही. रोखीनंच द्यायचं असेल तर 5,000 च्या वरच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही घ्यावी.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगतो. पॅन असून तो लपवणाऱ्या मालकासाठी ही वाट नाही. करार नीट पाहा, पुष्कळदा मालकाचा पॅन त्यातच छापलेला असतो. तीन-तीन फ्लॅट भाड्यानं देणारा ‘माझ्याकडे पॅन नाही’ म्हणाला, तर हिशेब विभागानं शंका घेणं रास्तच आहे. खरंच पॅन नसेल आणि आधारला मोबाइल जोडलेला असेल, तर आयकर खात्याच्या संकेतस्थळावर विनाशुल्क ई-पॅन मिळतो, हे अशा मालकाला सांगावं.

भाच्याचे कागद दुसऱ्या खेपेलाही अडले असते, तरी हक्क बुडाला नसता. मार्चमध्ये जास्त कर कापला गेला असता, पण मुदतीत विवरण भरून त्यानं तीच सवलत मागितली असती आणि परतावा घेतला असता. तशी वेळ आली नाही. हिशेब विभागातल्या बाईंनी घोषणापत्र वाचलं, करारावरची काकूंची सही त्याच्याशी ताडून पाहिली आणि कागद फाइलला लावले.