गोळी खलात घालण्याआधी



आपण सगळे साठीला टेकलो, घरोघरी ऐंशीच्या पुढचे आईवडील आहेत. म्हणून माझ्याच घरातली एक चूक सांगतो.

आईला ब्लडप्रेशरसाठी निफेडिपिनची रिटार्ड गोळी चालू होती. अर्धांगवायूनंतर तिला गिळताना ठसका लागायचा, म्हणून घरच्यांनी गोळी खलात कुटून मधातून दिली. ही गोळी पोटात हळूहळू औषध सोडावं अशी बनवलेली असते. कुटल्यावर सगळं औषध एकदम रक्तात उतरलं. तासाभरात चेहरा लाल झाला, छाती धडधडू लागली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. प्रेशर मोजलं तर वरचा आकडा ९०! मी आयुष्यभर औषधं विकली, पण घरात हे कधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी मग साधी अ‍ॅम्लोडिपिन दिली. ती मुळातच शरीरात बराच वेळ टिकते, त्यामुळे कुटली तरी चालते. ठसक्यासाठी स्पीच थेरपिस्टने तिचं गिळणं तपासलं आणि गोळीची पूड दाट दह्यातून, ताठ बसवून द्यायला सांगितली.

स्ट्रिपवर एसआर, ईआर, एक्सएल, सीआर अशी अक्षरं दिसली तर कुटू नका. मेटोप्रोलॉल सक्सिनेटसारख्या काही गोळ्या मधल्या रेघेवर अर्ध्या करता येतात, पण चावायच्या नाहीत. आणि अक्षरं नसली म्हणजे निर्धास्त असंही नाही. पॅन्टोप्राझोलचं आवरण फुटलं तर पोटातल्या आम्लात औषधच वाया जातं. दुकानदाराला आधी विचारा, पुष्कळदा तेच औषध सिरपमध्येही मिळतं.