अट आणि क्रियापद



कामगार संघटनेच्या माणसाला इंग्रजी व्याकरणाशी काय कर्तव्य, असे आपणांपैकी काहींना वाटेल. पण आमचे करार आणि नोटिसा पुष्कळदा इंग्रजीतच होतात. आणि त्यांतले अटीचे वाक्य बिघडले की मागणीच उलटी होते.

एका शाखेकडून आमच्याकडे नोटिशीचा मसुदा आला. ‘अनलेस दि एरिअर्स विल नॉट बी पेड बाय दि थर्टी-फर्स्ट, वुई विल स्टॉप वर्क.’ लिहिणाऱ्याच्या मनात सरळ मराठी होते: एकतीस तारखेपर्यंत थकबाकी मिळणार नाही, तर काम बंद. परंतु ‘अनलेस’च्या पोटातच ‘जर नाही’ बसलेले असते. पुढे आणखी ‘नॉट’ घातला, की अर्थ होतो, पैसे मिळाले तर आम्ही काम बंद करू! मालकाची याहून मोठी सोय कोणती?

‘नॉट’ काढला तरी ‘विल’ उरतोच. गोष्ट उद्याची असली, तरी इंग्रजी अटीच्या भागात वर्तमानकाळ ठेवते; ‘विल’ येतो तो परिणामाच्या भागात. म्हणून ‘अनलेस दि एरिअर्स आर पेड’. मराठीत आपण अशा जागी भूतकाळाचे रूप घालतो, ‘पैसे मिळाले नाहीत तर’. त्या सवयीने कोणी ‘वेअर पेड’ लिहितो. इंग्रजीत ते रूप दूरच्या कल्पनेचे आहे. नोटिशीची धारच त्याने जाते.

हाच नियम ‘ॲज लाँग ॲज’ला. ‘दि नाइट अलाउन्स विल बी पेड ॲज लाँग ॲज दि थर्ड शिफ्ट रन्स.’ आपण ‘जोवर पाळी चालेल’ म्हणतो, म्हणून हात ‘विल रन’कडे वळतो, तो आवरावा. या शब्दांत मुदतही आहे: पाळी थांबली की भत्ता थांबला. ‘प्रोव्हायडेड दॅट’मध्ये मुदत नाही, नुसती अट आहे. आणि ती आधी पुरी व्हायला हवी असेल, तर ‘प्रोव्हायडेड दॅट दि वर्कर हॅज वर्क्ड फोर नाइट्स’ लिहावे. चार रात्री भरल्यावर भत्ता, हे त्या ‘हॅज वर्क्ड’मुळे स्पष्ट होते. येथेही ‘विल’ नाहीच.

राहिला ‘इन केस’. क्रियापद येथेही वर्तमानकाळीच, पण अर्थ निराळा. ‘वुई विल कीप टू मेन ॲट दि गेट इन केस दि लॉरी कम्स.’ म्हणजे लॉरी न जाणो आली तर, म्हणून दोन माणसे आधीपासूनच फाटकाशी उभी. ती आली नाही तरी त्यांची रात्र तेथेच जाणार. ‘इफ दि लॉरी कम्स’ म्हटले, तर लॉरी आल्यावर माणसे पाठवायची. आपल्या कचेऱ्यांतून ‘इन केस’ सर्रास ‘इफ’च्या जागी वापरतात, आणि बोलण्यात ते खपूनही जाते. पण ‘वुई विल स्टॉप वर्क इन केस दि एरिअर्स आर नॉट पेड’ या वाक्यातून, थकबाकी बुडेल या भीतीने आम्ही आधीच काम थांबवीत आहोत, असे दाखविता येते. म्हणून नोटिशीत आम्ही तेथे ‘इफ’च घालावयास लावतो.