हँडल निघालं तेव्हा साथ कुठवर आली होती?

1854 साली लंडनमध्ये पटकीची साथ आली. डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं हँडल काढायला लावलं आणि साथ थांबली, असं उत्तर विद्यार्थी हमखास लिहितात. पण या साथीचा आलेख नीट वाचा. आडव्या अक्षावर आजार सुरू झाल्याची तारीख आहे, उभ्या अक्षावर त्या दिवशीचे नवे रुग्ण. स्नोंच्या तक्त्यात, पुढे दगावलेल्यांपैकी 143 जणांचा आजार 1 सप्टेंबरला सुरू झाला. 7 तारखेला हा आकडा 28 वर आला होता. हँडल निघालं ते 8 तारखेला! साथ आधीच ओसरू लागली होती, कारण घाबरून लोक वस्ती सोडून गेले होते. हे स्नोंनी स्वतःच नमूद केलं आहे.

या आलेखातून व्याप्ती मात्र सांगता येत नाही. व्याप्ती म्हणजे त्या घडीला आजारी असलेले जुने-नवे सगळे रुग्ण, आणि इथे मोजलेत फक्त नवे.

मग पंपावरचा संशय पक्का कशानं झाला? दरानं. जवळच्याच गरिबांच्या आश्रयगृहात 535 जण राहत, त्यांतले 5 दगावले. 5 भागिले 535, गुणिले 1000, म्हणजे हजारी साधारण 9. भोवतालच्या गल्ल्यांइतकाच दर असता, तर तिथे शंभरावर माणसं गेली असती, असा स्नोंचा हिशेब होता. आश्रयगृहाच्या आवारात स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटचं पाणी तिथे येत नव्हतं.