अप्सरेच्या हौदातील निळा प्रकाश

४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईत ट्रॉम्बे येथे आपल्या देशातील पहिली अणुभट्टी सुरू झाली. भट्टी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लाल निखारे येतात. येथे तसे काही नव्हते. सुमारे आठ मीटर खोल पाण्याचा एक हौद, आणि त्यात वरून टांगलेला युरेनियमच्या पट्ट्यांचा गाभा. भट्टी चालू असताना कठड्यावरून खाली पाहिले, की गाभ्याभोवतीचे पाणी निळे उजळलेले दिसे. पुढच्या वर्षी, जानेवारी १९५७ मध्ये पंडित नेहरूंनी तिचे ‘अप्सरा’ असे नामकरण केले. ती भट्टी २००९ साली बंद झाली आणि त्याच जागी २०१८ पासून नवी ‘अप्सरा’ चालू झाली.

आता हा प्रकाश आला कोठून? पाणी तापून उजळले म्हणावे, तर उकळत्या पाण्यालाही असा प्रकाश नसतो. याचे उत्तर देताना आपल्या शाळांतील एक नेहमीचे वाक्य अडचणीत येते. ‘प्रकाशापेक्षा वेगवान काही नाही,’ असे आपण मुलांना सांगतो. त्यात ‘पोकळीतील’ हा शब्द घालायला हवा. पोकळीत प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो; ती मर्यादा कोणी ओलांडीत नाही. पाण्यात मात्र तो मंदावतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणून तेथे त्याचा वेग सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर उरतो. म्हणजे एखादा कण सव्वादोन आणि तीन लाखांच्या मधल्या वेगाने पाण्यातून धावला, तर तो पाण्यातल्या प्रकाशाला मागे टाकतो आणि निसर्गाचा नियमही मोडत नाही.

असे कण हौदात तयार होतात. युरेनियमचे अणू फुटताना, आणि त्यांचे तुकडे पुढे स्थिरावतानाही, गॅमा किरण बाहेर पडतात. ते पट्ट्यांचे आवरण भेदून पाण्यात शिरतात आणि तेथल्या इलेक्ट्रॉनांना ठोकर देतात. इलेक्ट्रॉनाला उंबरठ्याचा वेग गाठायला सुमारे २ लाख ६० हजार व्होल्टच्या दाबातून मिळेल एवढी ऊर्जा लागते. तेवढी ऊर्जा देणारे गॅमा किरण भट्टीत पुष्कळ असतात. प्रोटॉन मात्र जवळजवळ १८०० पट जड, त्याला तितकीच पट ऊर्जा हवी. ती येथे कोठून मिळणार? म्हणून हा खेळ इलेक्ट्रॉनांचाच.

धावता इलेक्ट्रॉन वाटेवरच्या पाण्याच्या रेणूंतील विद्युतभार क्षणभर हलवतो. ते पूर्वस्थितीवर येताना प्रकाशाच्या बारीक लहरी सोडतात. इलेक्ट्रॉन हळू असला, तर या लहरी एकमेकींना खोडून काढतात. तो लहरींच्याही पुढे गेला, तर सगळ्या एका तिरप्या आघाडीवर गोळा होतात आणि प्रकाश दिसू लागतो. आपल्या पैठणच्या नाथसागरात वेगाने जाणाऱ्या बोटीमागे लाटांची पाचर उमटते, तसेच काहीसे. मात्र दाखला एवढ्यापुरताच घ्यावा. पाण्यावरच्या लाटा लहानमोठ्या वेगाच्या असतात, म्हणून संथ बोटीमागेही पाचर उमटते. येथे उंबरठ्याखाली काहीच नाही.

मग निळाच का? या प्रकाशात सगळे रंग असतात, पण तरंगलांबी जितकी आखूड, तितके प्रकाशकण जास्त. तांबड्या टोकापेक्षा जांभळ्या टोकाला ते सुमारे तिप्पट निघतात. जांभळ्यापलीकडे त्याहूनही अधिक, पण ते आपल्याला दिसत नाहीत, आणि जांभळ्या रंगाला आपला डोळा मंद. शिवाय पाणी थोडा तांबडा रंग शोषून घेते. उरतो तो निळा. आकाशाच्या निळाईशी याचा संबंध नाही. ती हवेने विखुरलेली सूर्यप्रभा.

हा प्रकाश पहिल्यांदा नीट तपासला तो रशियातील चेरेन्कोव्ह यांनी, १९३४ च्या सुमारास. अंधाराला डोळे सरावावेत म्हणून ते प्रयोगापूर्वी तासभर काळोखात बसत. पुष्कळांना ते साधे प्रतिदीपन वाटले असते. पण द्रव तापवला किंवा प्रतिदीपन मारणारी द्रव्ये त्यात मिसळली, तरी हा प्रकाश मावळेना. आणि तो शुद्ध पाण्यातही दिसे. कारण १९३७ मध्ये फ्रँक आणि टॅम यांनी गणिताने उलगडले. तिघांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एक गोष्ट मला यात विशेष वाटते. भट्टी बंद केली तरी हा प्रकाश लगेच विझत नाही. अणूंच्या तुकड्यांतून गॅमा किरण निघतच असतात. म्हणून वापरलेले इंधन ज्या हौदांत ठेवतात, तेथेही पाणी निळसर दिसते, आणि महिने जातील तसे मंद होत जाते. आंतरराष्ट्रीय निरीक्षक खास दुर्बिणीतून तो प्रकाश पाहून हौदातील नळ्या खऱ्या इंधनाच्या आहेत की कोणी पोकळ नळ्या उभ्या केल्या आहेत, हे ओळखतात. पोकळ नळीभोवती फार तर शेजारच्या नळीचा उजेड पडतो. तिच्या स्वतःच्या फटींतून मात्र काळोखच दिसतो.