फडावर निघण्याआधी शाळेत एक फेरी

दिवाळीच्या सुमारास बीडमधली ऊसतोड कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरी वाढत जाते. यात आईवडिलांचा दोष नाही. पहाटे दोघांनाही फडात उतरावं लागतं. तान्ह्याला सांभाळायला थोरली मुलगी खोपीवर थांबते.

निघण्यापूर्वी गुरुजींना किंवा बाईंना तेवढं सांगावं. त्यांच्याकडून शिक्षण हमी पत्रक मिळतं, मुलाची इयत्ता आणि अभ्यास कुठवर आला याची त्यात नोंद असते. ते कारखान्याजवळच्या शाळेत दाखवायचं. दाखला हाताशी नसला किंवा वर्ष अर्धं सरलं असलं, तरी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेश नाकारता येत नाही.

मूल आजीकडे ठेवायचं असेल, तर हंगामी वसतिगृहाची चौकशी आधीच करावी. तिथे जेवणाची सोय होते.