बाजारातील भाजीकचरा : आधी पाणी मोजा



बाजार समितीच्या आवारात माल उतरवून परतताना कोबीच्या पाल्याची ट्रॉली फुकट मिळते, म्हणून आपल्यापैकी बरेचजण ती भरून आणतात आणि सरळ खड्ड्यात लोटतात. आठवडाभरात खड्ड्यातून काळे पाणी सुटते, दुर्गंधी पसरते, माश्या घोंघावतात आणि शेजारी भांडायला येतो. दोष कचऱ्याचा नाही, त्यातील पाण्याचा आहे.

कोबी, फ्लॉवर, मेथी यांच्या पाल्यात शेकडा नव्वदच्या आसपास पाणी असते. म्हणजे एक टन कचऱ्यात कोरडा भाग जेमतेम १०० किलो. कंपोस्ट करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. पोकळ्या पाण्याने भरल्या की कचरा कुजण्याऐवजी सडतो. ढिगात ओल ६० टक्क्यांच्या जवळ हवी. हिशेब केला तर एका टनाला सोयाबीनचे कोरडे भुसकट ६०० किलो लागते. एवढे भुसकट आणायचे कोठून?

यावर सोपा उपाय आहे. कचऱ्यातील सुतळ्या, रबर आणि प्लॅस्टिक वेचून काढा आणि पाला वीतभर जाडीने उन्हात पसरा. दोन-तीन दिवसांत त्याचे वजन निम्मे झाले, की २०० किलो भुसकटात काम भागते. (पावसाळ्यात हे जमत नाही, तेव्हा तितकाच कचरा आणा जितके भुसकट घरी आहे.) मग कठीण जागेवर चार फूट उंचीचा ढीग रचा आणि थरांवर शेणकाला शिंपडा. ओल जोखायची तर मूठभर माल दाबून पाहा : हात ओला व्हावा, पण धार लागू नये. चौथ्या दिवशी ढिगात खुपसलेली सळई हाताला चटका देत नसेल, तर ओल जास्त झाली किंवा हवा कमी पडली. ढीग उलटून भुसकट मिसळा.

मोठ्या बाजारांना मात्र हे जमत नाही, एवढी जागाच नसते. हैदराबादच्या बोवेनपल्ली बाजारात रोज सुमारे १० टन कचरा निघतो. त्यापासून गॅस करून रोज सुमारे ५०० युनिट वीज मिळते, असे २०२१ साली सांगण्यात आले होते. गॅसच्या टाकीत पाण्याची अडचण नाही. तेथे अडचण आंबटपणाची. भाजी व फळे लवकर आंबतात, आणि आम्ल करणारे जिवाणू गॅस करणाऱ्यांपेक्षा भराभर वाढतात. बाजाराच्या सुट्टीनंतर दुप्पट कचरा एकदम लोटला, की टाकी आंबते. आंबट वास येतो, ज्योत नीट धरत नाही आणि लिटमस कागद लाल होतो. अशा वेळी कचरा टाकणे थांबवा, चुन्याची निवळी थोडी थोडी द्या, शेणकाला घाला. निळी ज्योत परतल्यावर नेहमीच्या चौथ्या हिश्श्यापासून पुन्हा सुरुवात करा. संत्री-मोसंबीच्या साली मात्र टाकीत नकोतच. त्यांतील तेल गॅस करणाऱ्या जिवाणूंना बाधते.