पाहिलेलं, ऐकलेलं आणि शंकेतलं
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या धम्मप्रवचनाचा मजकूर)

 

आपल्या सोलापुरात दरवर्षी आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहाराविहारांतून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं. तीन महिन्यांनी समाप्ती होते, खीरदान होतं, भाषणं होतात आणि आपण घरी जातो. त्या दिवसाला आपण पवारणा म्हणतो. पण पवारणा म्हणजे नेमकं काय, असं कोणी विचारलं तर आपल्यातले बरेचजण 'वर्षावासाची समाप्ती' एवढंच सांगतील. आम्हीही कैक वर्षं तेवढंच सांगत होतो. म्हणून आज त्याच एका गोष्टीवर बोलावं म्हणतो.

विनयपिटकाच्या महावग्गात हकीकत आहे. काही भिक्खू, एकमेकांचे चांगले मित्र, कोसल देशात एका ठिकाणी वर्षावासाला राहिले. तीन महिने भांडण न होता कसं राहावं याचा त्यांनी विचार केला आणि ठरवलं की आपण बोलायचंच नाही. जो भिक्षेहून आधी येईल त्याने आसनं मांडावीत, पाणी ठेवावं. जो शेवटी येईल त्याने उरलेलं आवरून जागा झाडावी. पाण्याचं मडकं रिकामं दिसलं तर भरावं, एकट्याला उचललं नाही तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवावं, पण तोंड उघडायचं नाही. ठरल्याप्रमाणे तीन महिने गेले, एकही तंटा झाला नाही. मग ते श्रावस्तीला जेतवनात भगवंतांकडे आले आणि आम्ही सुखाने राहिलो असं सांगितलं.

भगवान शाबासकी देतील असं कोणालाही वाटेल. पण त्यांनी त्यांना बोल लावले. हे सुखाने राहणं नव्हे, जनावरं एका गोठ्यात राहतात तसं राहणं आहे, अशा अर्थाचे कडक शब्द वापरले. आणि तिथेच नियम घालून दिला की वर्षावास संपल्यावर प्रत्येक भिक्खूने संघापुढे उकिडवं बसून, हात जोडून तीन वेळा विनंती करायची: माझ्याबाबतीत तुम्ही काही पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा तुम्हाला शंका आली असेल, तर अनुकंपेने मला सांगा, मला दिसलं की मी सुधारीन. सुरुवात सर्वांत ज्येष्ठ भिक्खूने करायची. संयुत्तनिकायात तर श्रावस्तीच्या पूर्वारामात स्वतः भगवंतांनीच आधी भिक्खूंना विचारल्याचा प्रसंग आहे, की माझ्या वागण्या-बोलण्यात तुम्हाला काही गैर वाटतं का?

न भांडण्यासाठी गप्प राहणं, हे आपल्या घरोघरी, गल्लोगल्ली चालतं. शेजारी शेजाऱ्याला वीस वर्षं ओळखतो, लग्नाकार्याला पाटा-वरवंट्यापासून सगळं देतो-घेतो, पण 'अण्णा, तुम्ही बोलताना माणूस दुखावतो' एवढं सांगत नाही. त्याचं बोलणं कसं लागतं हे साऱ्या गल्लीला ठाऊक असतं, त्याला एकट्यालाच नसतं.

आता आमचीच गोष्ट सांगतो. आम्ही विहारात वाचनानंतर प्रश्नोत्तरं घेतो. पूर्वी आयाबाया विचारायच्या, पोरं विचारायची. मग हळूहळू प्रश्न कमी झाले. आम्हाला वाटलं, आपण इतकं स्पष्ट समजावतो की शंकाच उरत नसेल! आमचे एक जुने स्नेही आहेत, गिरणी बंद होईपर्यंत मागावर काम केलेले, कमी बोलणारे. त्यांना एकदा चहा घेताना आम्ही विचारलं, "आमचं बोलणं कसं वाटतं हो तुम्हाला?" ते म्हणाले, "चांगलं असतं की गुरुजी." झालं. ढोबळ विचारलं की उत्तरही ढोबळच येणार. अशा प्रश्नात 'बरं म्हणा' ही विनवणी दडलेली असते आणि मित्र ती पुरी करतो.

पुढे पवारणेचे ते तीन शब्द नीट ध्यानात आल्यावर आम्ही पुन्हा त्यांच्याकडे गेलो. या वेळी म्हटलं, "आज उत्तर नको. पुढचे दोन रविवार मागच्या रांगेत बसा. आमच्या कुठल्या बोलण्यावर समोरच्याचा चेहरा उतरतो, कोण बोलता बोलता थांबतं, एवढंच बघा. मग स्वतः पाहिलेलं वेगळं सांगा, लोकांकडून कानावर आलेलं वेगळं आणि तुमचा नुसता अंदाज असेल तो वेगळा."

दोन रविवारांनंतर ते घरी आले. म्हणाले, "पाहिलेलं सांगतो. परवा सात जणांनी प्रश्न विचारले. त्यातल्या पाच जणांचं बोलणं पुरं व्हायच्या आत तुम्ही 'तसं नाही' म्हणालात. त्या बीडी वळणाऱ्या मावशींचा प्रश्न तर तुम्ही ऐकलाच नाही. त्या दुःखाबद्दल विचारत होत्या, तुम्ही पुनर्जन्मावर उत्तर दिलं. त्या मान हलवून खाली बसल्या. आता ऐकलेलं. बाहेर चपला घालताना बाया म्हणतात, गुरुजी परीक्षा घेतात. आणि शंका म्हणाल, तर तो वरच्या गल्लीतला पोरगा येईनासा झाला तो तुमच्यामुळंच, असं मला वाटतं."

आता आम्ही काय केलं ते ऐका. आम्हीच विचारलेलं, आमच्याच घरी, आमच्याच चहावर. आणि आम्ही पहिलं वाक्य बोललो ते असं, "तसं नाही हो, वेळ कमी असतो." ते गप्प झाले. आम्ही पुढे म्हणालो, "आणि तुम्ही तरी कुठं कधी प्रश्न विचारता?" त्यांनी चहा संपवला, जयभीम म्हणाले आणि गेले.

मज्झिमनिकायात अनुमानसुत्त आहे. भग्ग देशात सुंसुमारगिरीला महामोग्गल्लान स्थविरांनी भिक्खूंना केलेला तो उपदेश. एखादा भिक्खू 'मला सांगा, मला सांगा' अशी विनंती करतो, पण तो सांगण्याजोगा नसेल तर सोबती त्याला काही सांगत नाहीत, त्याच्यावर भरवसाही ठेवत नाहीत. असा माणूस कशावरून ओळखावा याच्या त्यांनी सोळा खुणा दिल्या आहेत. सगळ्या सांगत बसत नाही. पण सांगणाऱ्याला उलट अडवणं, त्याचाच दोष काढणं, विषय दुसरीकडे नेणं आणि राग दाखवणं या त्यातल्याच. आम्ही एका चहात निदान तीन पुऱ्या केल्या! सुत्त आम्हाला पाठ होतं, लोकांना शिकवलंही होतं.

हे बिघडलं कसं, हे तपासलं तर कारण साधं आहे. खुलासा हा आपल्याला खुलासा वाटतो, सांगणाऱ्याला तो दरवाजा लावल्यासारखा वाटतो. वेळ कमी असतो हे खरंच होतं. पण ते त्या घडीला बोलायचं नव्हतं. त्या घडीला एकच बोलणं चालतं, ते म्हणजे 'अजून काय?' किंवा 'नेमकं कधी झालं ते?' असा प्रश्न, आणि तोही खरोखर समजून घेण्यासाठी. उत्तर द्यायचंच असेल तर आठ दिवसांनी द्यावं. आठ दिवसांनी बहुतेक वेळा द्यावंसं वाटत नाही.

आम्ही चौथ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. चुकलं म्हणालो, आणि परत विचारलं. ते हसून म्हणाले, "राजासारखं विचारू नका मग." मिलिंद राजा आणि नागसेन स्थविरांचा संवाद त्यांना ठाऊक होता. नागसेनांनी राजाला आधीच सांगितलं होतं की पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलतो, राजासारखं नाही. पंडिताची चूक काढली तरी तो रागावत नाही. राजाला नाही म्हटलं की तो दंड करतो. म्हणून ज्याला आपल्या दंडाची भीती आहे त्याला विचारून उपयोग नाही. आपल्याकडून उसने पैसे घेतलेला, आपल्या हाताखाली काम करणारा, आपली सून, आपला विद्यार्थी हे खरं सांगू शकत नाहीत, आणि त्यांना विचारणं हा त्यांच्यावर जुलूमच आहे. घरच्या मंडळींचं वेगळं. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हेच मी कितीदा सांगितलं." खरं आहे, सांगितलं होतं. पण घरातलं सांगणं भांडणाच्या भरात येतं, म्हणून आपण ते भांडणाच्या खाती टाकतो.

त्या पोराची शंका मात्र खोटी निघाली. त्याची कारखान्यातली पाळी बदलली होती, रविवारीही काम असायचं. स्नेह्यांनी ते 'शंका' म्हणून वेगळं सांगितलं होतं म्हणून आम्ही आधी चौकशी केली. तिन्ही एकत्र सांगितलं असतं तर आम्ही एक तर सगळं खोटं ठरवलं असतं, नाही तर उगाच त्या पोराच्या दारात माफी मागायला उभे राहिलो असतो. मित्र म्हणजे सर्वज्ञ नव्हे. त्याने फक्त विहारातलं पाहिलं. आम्ही रेशनच्या रांगेत किंवा बँकेत कसे बोलतो हे त्याला ठाऊक नाही. आणखी एक गंमत. आमचा भाचा पुण्याला नोकरीला गेला, तिथे त्याच्या सोबत्याने त्याला सांगितलं की तू सगळ्यांवर खेकसतोस. कारण काय, तर आपलं सोलापुरी 'काय बे'! इथं ज्या शब्दात माया असते तो तिथं अपमान होतो. मराठी, कानडी, तेलुगू, दखनी सगळं एकत्र ऐकत वाढलेल्या आपल्या गावाची बोली ती. तिच्यात खोट नाही. त्याने 'बे' सोडलं नाही, पुण्यात कोणाला म्हणावं एवढं ठरवलं. म्हणजे ऐकलेलं सारंच बदलायचं असतं असंही नाही.

सांगणाऱ्यासाठीही विनयात पाच अटी आहेत. वेळ बघून सांगावं, खरं सांगावं, मऊ शब्दात सांगावं, हिताचं सांगावं आणि मनात मैत्री ठेवून सांगावं. आमच्या स्नेह्यांनी पाचही पाळल्या होत्या. एकांतात सांगितलं, मोजून सांगितलं, आणि 'तुम्ही गर्विष्ठ आहात' असं म्हणाले नाहीत. 'सातांपैकी पाच वेळा' म्हणाले. गर्विष्ठ म्हटलं असतं तर आम्ही आजवर वाद घालत बसलो असतो. 'पाच वेळा' यावर काय वाद घालणार?

मग आम्ही दोघांनी ठरवलं. प्रश्न पुरा झाल्यावर आम्ही तो आधी आमच्या शब्दांत परत म्हणायचा, "मावशी, तुम्हाला असंच विचारायचंय ना?" त्यांनी हो म्हटल्यावरच उत्तर. आणि मध्येच तोंड घातलं तर मागच्या रांगेतून स्नेही टोपी काढून मांडीवर ठेवणार. पहिल्या रविवारी टोपी तीनदा उतरली. दुसऱ्या रविवारीही तीनदाच. मग दोनदा, आणि पुढे महिनाभराने एकदा. मधल्या काळात बोलणं अडखळायचं, एक-दोघांनी विचारलंही की गुरुजींची तब्येत बरी आहे ना. त्या मावशींनी मात्र दोन महिने काहीच विचारलं नाही. आम्ही त्यांना मुद्दाम विचारा म्हणून आग्रह केला नाही, तेही स्नेह्यांनीच बजावलं होतं.

गेल्या आश्विन पौर्णिमेला खीर वाटून झाल्यावर त्या उठल्या आणि त्यांनी दुःखाबद्दलचा तोच प्रश्न परत विचारला. आम्ही सगळा ऐकला. चांगला पाच मिनिटांचा होता. त्यात त्यांच्या थोरल्या मुलाचं दारूपायी काय झालं ते होतं, आणि पहिल्या वेळी आम्ही ते ऐकलंच नव्हतं.

आज टोपी घालून ते मागेच बसलेत. अजून डोक्यावरच आहे, तेवढ्यात थांबतो. जयभीम.